एसपीएफ १०० चा आकडा आणि पुसला गेलेला थर

«एसपीएफ म्हणजे मिनिटं. ५० चं असेल तर ५०० मिनिटं, १०० चं असेल तर हजार. म्हणून सरळ १०० चं घ्या, सकाळी एकदा लावा आणि संध्याकाळपर्यंत विसरा. बाकी डब्यावर काय लिहिलंय ते बघायची गरज नाही. दर दोन तासांनी लावा असं सांगतात, ते ट्यूब लवकर संपावी म्हणून.»

माझं मेडिकलचं दुकान आहे आणि हा निरोप दाखवून सनस्क्रीन मागणारी माणसं रोज येतात, म्हणून सविस्तर लिहितो.

एसपीएफ घड्याळ मोजत नाही, उन्हाची मात्रा मोजतो. उघडी त्वचा लाल व्हायला जितकं ऊन लागतं, त्याच्या किती पट ऊन सनस्क्रीन लावल्यावर लागतं, तो हा आकडा. सकाळी आठची दहा मिनिटं आणि दुपारी साडेबाराची दहा मिनिटं यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो, त्यामुळे त्याला मिनिटांनी गुणताच येत नाही.

आता १०० विरुद्ध ५०. त्वचा लाल करणाऱ्या किरणांपैकी ३० चं सनस्क्रीन साधारण ३ टक्के आत सोडतं, ५० चं २ टक्के आणि १०० चं १ टक्का. दोनाचा एक होणं काहीच नाही असं मी म्हणणार नाही. ज्यांची त्वचा उन्हाला फार नाजूक आहे त्यांनी १०० चं जरूर घ्यावं. पण हे आकडे चाचणीतले आहेत, आणि चाचणीत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम एवढा थर देतात. चेहऱ्यापुरतं बोलायचं तर सुमारे सव्वा ग्रॅम. म्हणजे ५० ग्रॅमची ट्यूब फक्त चेहऱ्याला, दिवसातून एकदा लावली तरी चाळीस दिवसांत संपायला हवी.

परवा एक ताई आल्या, रोज स्कूटरवरून फिरतीचं काम करणाऱ्या. संक्रांतीला घेतलेली १०० ची ट्यूब आषाढी झाल्यावर संपली, आणि "रोज लावूनही गालावरचा वांग वाढतोय" अशी तक्रार. काउंटरवरच हिशोब केला: ५० ग्रॅम, साधारण १७० दिवस, म्हणजे दिवसाला ०.३ ग्रॅम. लागतं त्याच्या पावपट. थर पावपट झाला की संरक्षण निदान तेवढं तरी घटतं, अनेकदा त्याहून जास्त. त्यांच्या गालावर १०० चं कधी नव्हतंच. मग मी त्यांना दोन बोटांवर टोकापासून मुळापर्यंत दोन रेघा काढून दाखवल्या. चेहरा आणि मान मिळून एवढं लागतं. "एवढं?" म्हणाल्या.

आणि तोही थर जागेवर राहत नाही. त्या साडेआठला लावून निघतात. सिग्नलला रुमालाने घाम टिपला, हेल्मेट काढताना कपाळ घासलं, स्कार्फ नाकावरून दोनदा वर-खाली झाला. ऊन चढतं तेव्हा कपाळावर, नाकावर आणि गालाच्या हाडावर सनस्क्रीन जवळपास उरलेलं नसतं. जिथे थरच नाही तिथे ५० काय आणि १०० काय. म्हणून दुपारी बाहेर पडण्याआधी चेहरा टिपून पुन्हा तेवढंच लावलेलं ५० चं सनस्क्रीन, सकाळी एकदाच लावलेल्या १०० पेक्षा जास्त काम करतं. पहिल्या वेळी सुटलेल्या जागाही त्यात भरून निघतात. «वॉटर रेझिस्टंट» लिहिलेलं असलं तरी अमेरिकी नियमानुसार त्याचा दावा ४० किंवा ८० मिनिटांपुरताच असतो.

डब्यावरचं वाचायचं ते यासाठी, की एसपीएफ मुख्यतः यूव्हीबीबद्दल, म्हणजे त्वचा लाल करणाऱ्या किरणांबद्दल सांगतो. जमिनीवर पोचणाऱ्या अतिनील किरणांत बहुतांश वाटा यूव्हीएचा असतो; ते खोल जातात, त्वचा काळवंडवतात, सुरकुत्या आणतात, आणि गाडीच्या बाजूच्या काचेतूनही बऱ्यापैकी आत येतात. त्यांच्यासाठी «ब्रॉड स्पेक्ट्रम» हे शब्द शोधा आणि «पीए»पुढची अधिकची चिन्हं मोजा. ही जपानी पद्धत आहे: तीन चिन्हं म्हणजे यूव्हीएपासून ८ ते १६ पट संरक्षण, चार म्हणजे १६ किंवा त्याहून वर. युरोपातून आणलेल्या ट्यूबवर गोलात «यूव्हीए» असतं. तिथे यूव्हीएचं संरक्षण एसपीएफच्या निदान एक तृतीयांश असावंच लागतं. एसपीएफ १०० छापलंय पण यातलं काहीच नाही, अशी ट्यूब मी परत ठेवायला सांगतो. वांग असेल तर रंग असलेलं, म्हणजे आयर्न ऑक्साइड घातलेलं सनस्क्रीन घ्या, कारण वांगाला साधा उजेडही वाढवतो आणि बिनरंगाचं सनस्क्रीन तो फारसा अडवत नाही.

राहिला दोन तासांचा नियम. तो उन्हात असणाऱ्यांसाठी आहे, आणि घाम पुसला किंवा पोहून आलात तर दोन तासही थांबायचं नाही. खिडकीपासून लांब, दिवसभर टेबलाशी बसणाऱ्याने दर दोन तासांनी लावायची गरज नाही. सकाळी निघताना आणि संध्याकाळी ऊन असताना परतणार असाल तर निघण्याआधी, एवढं पुरे. त्या ताईंनी या वेळी ५० चं, चार चिन्हांचं, रंगाचं घेतलं, आणि एकाऐवजी दोन ट्यूब नेल्या. एक घरी, एक स्कूटरच्या डिकीत ठेवते म्हणाल्या. डिकीत नको, पर्समध्ये ठेवा, असं सांगितलं. उन्हात तापलेल्या डिकीत सनस्क्रीन बिघडतं. पाणी आणि तेल वेगळं सुटलेलं दिसलं की ते टाकून द्यायचं.