बँकेचं ॲप अडलं म्हणजे फोन हॅक झाला असं नाही, आणि ती लिंक तर मुळीच दाबू नका

'सर्वांना कळवा!! बँकेचं ॲप "डेव्हलपर ऑप्शन चालू आहे" किंवा "फोन रूटेड आहे" असं सांगून बंद झालं तर तुमचा फोन हॅक झालेला आहे. बँक तुमचा अख्खा मोबाईल तपासते म्हणूनच तिला हे कळतं. रिझर्व्ह बँकेचा असा कोणताही नियम नाही, नवीन फोन खपवायचा हा डाव आहे. जुनं ॲप काढून टाका आणि खालच्या लिंकवरून चेक काढलेलं ॲप टाका, १००% चालतं.'

हे काल आमच्या काकांनी पाठवलं, आणि खाली विचारलं, 'लिंक दाबू का रे?' त्यांची पेन्शन ज्या खात्यात जमा होते त्याच खात्याचं हे ॲप. म्हणून शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो.

नाही काका, दाबू नका. 'चेक काढलेलं ॲप' म्हणजे कुणीतरी बँकेचं मूळ ॲप उघडलं, त्यातला फोन तपासणारा भाग काढला आणि ते पुन्हा बांधलं. ज्याला एवढं जमतं त्याला तुमचा एमपिन स्वतःकडे पाठवणाऱ्या चार ओळी आत घालायला कितीसा वेळ लागतो? बाहेरून काहीच कळत नाही. तोच लोगो, तोच लॉगिनचा पडदा. फरक असतो तो सहीत. प्रत्येक अँड्रॉइड ॲपवर ते बनवणाऱ्याची डिजिटल सही असते. आतला मजकूर जरा बदलला की ती सही जुळत नाही, आणि बँकेची गुप्त किल्ली हाती नसल्यामुळे बदल करणाऱ्याला स्वतःची सही ठोकावी लागते. फोनमध्ये मूळ ॲप असताना त्याच नावाचं, वेगळ्या सहीचं ॲप त्यावर चढवायला अँड्रॉइड नकार देतो. आता मेसेज पुन्हा वाचा. 'जुनं ॲप काढून टाका' हे वाक्य तिथे का आहे, कळलं? ते काढल्याशिवाय यांचा माल फोनमध्ये शिरतच नाही.

पुढे हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. बँकेचं खरं ॲपही सिमकार्ड पडताळताना एसएमएसची परवानगी मागत असतं, त्यामुळे कुणाला शंका येत नाही. एमपिन गेला, मागोमाग ओटीपी गेला. कुणी ते आधीच टाकलं असेल तर फोन विमान मोडवर टाका, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खातं आणि यूपीआय थांबवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा. एमपिन आणि पासवर्डही दुसऱ्याच फोनवरून बदलायचे, त्या फोनवरून नाही.

बँकेला कळतं कसं, हा प्रश्न मात्र रास्त आहे आणि उत्तर अगदीच साधं आहे. डेव्हलपर ऑप्शन्स म्हणजे ॲप बनवणाऱ्यांसाठी सेटिंग्जमध्ये लपवून ठेवलेली यादी. ती चालू आहे की बंद, याची अँड्रॉइडकडे एक नोंद असते: चालू असेल तर १, बंद असेल तर ०. ती नोंद कुठलंही ॲप वाचू शकतं, अगदी टॉर्चचं ॲपसुद्धा, आणि त्याला कसलीही परवानगी लागत नाही. फोटो किंवा मेसेज चाळायची त्यासाठी गरजच नाही. फोनला केबल लावून संगणकावरच्या adb या साधनाने ती अशी बघता येते:

```
adb shell settings get global development_settings_enabled
```

(गंमत म्हणजे ही आज्ञा चालवायलाच डेव्हलपर ऑप्शन्स चालू करावे लागतात, त्यामुळे उत्तर नेहमी १ येतं.)

मेसेजने रूट आणि डेव्हलपर ऑप्शन्स एकाच माळेत ओवलेत. त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक ॲपची माहिती वेगळ्या कप्प्यात असते आणि एक ॲप दुसऱ्याच्या कप्प्यात डोकावू शकत नाही, जसं सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला आपलं कुलूप असतं. रूट करणं म्हणजे सगळ्या कुलपांना लागणारी एक चावी बनवून घेणं. ज्या ॲपला ती मिळाली ते बँकेच्या ॲपच्या फायली वाचू शकतं, ते चालू असताना त्याच्या मेमरीत फेरफार करू शकतं, पडद्यावर एकाचं नाव दाखवून पैसे दुसऱ्याला पाठवू शकतं. चावी तुम्ही जपून वापरत असाल, पण बँकेला बाहेरून ते कळायला मार्ग नाही.

आणि रूट चुकून होत नाही. आजच्या फोनांत त्याआधी सहसा बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचं कुलूप, उघडावा लागतो. तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि नंतर बहुतेक फोन दर वेळी सुरू होताना तसा इशारा दाखवतात. तुम्ही यातलं काहीच केलेलं नसताना 'रूटेड' असं येत असेल आणि फोन सेकंडहँड असेल, तर आधीच्या मालकाचे उद्योग तपासा. प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये About खाली 'Device is certified' लिहिलेलं आहे का, तेही बघा.

काकांच्या फोनवर रूटबिट काही नव्हतं. मोबाईल दुकानातल्या पोराने 'फोन फास्ट करून देतो' म्हणत Build number वर सात वेळा टिचक्या मारून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले होते आणि ॲनिमेशनचा वेग 0.5x केला होता. तेवढ्याने पैसे जात नाहीत. पण त्याच यादीत USB debugging होतं आणि तेही चालूच राहिलं होतं. ते चालू असताना, तुम्ही एकदा 'Allow' म्हटलेल्या संगणकाला केबल लावून फोनवर ॲप टाकता येतात आणि पडद्यावर टॅपही करता येतात. बँकेची भीती आहे ती याची.

उपाय एका मिनिटाचा. सेटिंग्जमध्ये वरच्या शोधपट्टीत Developer options टाइप करा (प्रत्येक कंपनीने ते वेगळ्या कोपऱ्यात ठेवलंय), आधी Revoke USB debugging authorizations दाबा, मग सगळ्यात वरचं बटण बंद करा. बँकेचं ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. काकांचं उघडलं. फॅक्टरी रीसेट नको, नवा फोन नको.

'असा कोणताही नियम नाही' हे धादांत खोटं आहे. रिझर्व्ह बँकेचं १८ फेब्रुवारी २०२१ चं डिजिटल पेमेंट सिक्युरिटी कंट्रोल्सचं मास्टर डायरेक्शन काढून वाचा. फोन रूट किंवा, आयफोनच्या भाषेत, जेलब्रेक केलेला आहे का हे तपासून तसा असल्यास ॲप इन्स्टॉल होऊ किंवा चालू न देण्याची शक्यता बँकांनी पडताळून पाहावी, असं त्यात स्पष्ट आहे.

आता नाइलाजाने एक मान्य करतो. तिथली भाषा सक्तीची नाही, 'पडताळून पाहावी' एवढीच आहे. आणि रूटबद्दलच्या त्या वाक्यात डेव्हलपर ऑप्शन्सचा उल्लेखच नाही. ती पाचर काही बँकांनी आपल्या अकलेने मारली आहे. USB debugging बंद असतानाही नुसत्या त्या बटणापायी ॲप अडवणं मला अतिरेक वाटतो, कारण त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये त्याच बँकेचं नेटबँकिंग बिनदिक्कत उघडतं. ॲप बनवणाऱ्यांना तर हे बटण दिवसभर चालू लागतं. ते बिचारे पैसे पाठवायच्या वेळी बंद करतात नाहीतर दुसरा फोन बाळगतात. निदान बँकेने अडवताना कुठलं बटण कुठे आहे एवढं तरी मराठीत सांगावं. काकांच्या पडद्यावर इंग्रजीतली एक ओळ आली आणि खाली फक्त 'Exit'. मग माणूस ग्रुपवर विचारतो, आणि ग्रुपवर ही लिंक तयारच असते.