टेस्ट बुडणार हे कळवलं होतं, तरी मुलगी गैरहजर!

★☆☆☆☆
"मुलीची शाळेची वार्षिक परीक्षा आहे, काही दिवस क्लासच्या टेस्टला येणार नाही, असं सरांना आधीच कळवलं होतं. तरी टेस्टच्या दिवशी गैरहजेरीचा मेसेज आला आणि मार्चच्या प्रगतिपत्रकात ५१ टक्के! फी मात्र वेळेवर पाहिजे."

नमस्कार ताई,

मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सोमवारी तुमचा निरोप ऐकल्यावर ऑफिसने हजेरी दुरुस्त करायला हवी होती. तिथे आम्ही चुकलो.

पण "आधीच" या शब्दाबद्दल बोलणं भाग आहे. निरोप आला शनिवारी, ७ मार्चला, रात्री १०.४० वाजता, तोही पालकांच्या ग्रुपवर, व्हॉइस मेसेजने. रविवारी साडेसातला टेस्ट सुरू होते, पावणेआठला हजेरी भरली की गैरहजेरीचा मेसेज आपोआप जातो. ग्रुपवर गुड नाइटच्या फुलांखाली तो व्हॉइस मेसेज कोण शोधणार? शिवाय "काही दिवस" म्हणजे किती? कॉलेज रोड, गंगापूर रोड, सिडको अशा सगळीकडच्या शाळांची मुलं एकाच बॅचला बसतात. सीबीएसईवाल्यांची परीक्षा उरकते तेव्हा स्टेट बोर्डाच्या बऱ्याच शाळांची सुरूही झालेली नसते. वेळापत्रक तुम्ही दिल्याशिवाय आम्हाला कसं कळणार?

असा निरोप दोन दिवस आधी ऑफिसच्या नंबरवर लिहून आला, तर काहीच अडत नाही:

"इयत्ता नववी, रविवार सकाळची बॅच, रोल नंबर २७. शाळेची वार्षिक परीक्षा ९ ते १८ मार्च. ८ आणि १५ मार्चच्या टेस्ट देता येणार नाहीत. २२ पासून नियमित येईल. वेळापत्रकाचा फोटो सोबत."

टेस्टच्या तारखा वेगळ्या लिहायच्या त्या एवढ्यासाठी, की परीक्षा ९ तारखेला सुरू होत असली तरी बुडणारी पहिली टेस्ट ८ची आहे. तारीख कळली की हजेरीत "सूट" लागते, नाहीतर "गैरहजर" आणि शून्य. मार्चमध्ये २० गुणांच्या पाच टेस्ट झाल्या. मुलीने तीन दिल्या, १६, १७ आणि १८, म्हणजे ५१ गुण. दोन शून्यं धरली की १०० पैकी ५१. सूट धरली की ६० पैकी ५१, म्हणजे ८५ टक्के. मुलगी हुशारच आहे, त्यात वाद नाही.

बुडलेला पेपर तोच परत देता येत नाही, कारण पुढच्याच तासाला तो फळ्यावर सोडवून होतो. त्यासाठी 'ब' संच काढावा लागतो, म्हणून किती मुलांची टेस्ट बुडणार तो आकडा आधी हवा.

फीचा विषय यात कुठून आला, ते कळलं नाही. असो. रात्री आलेल्या निरोपांचंही काहीतरी बघतो.

८५ टक्क्यांचं सुधारित प्रगतिपत्रक ऑफिसात ठेवलंय. संध्याकाळी ५ ते ८ मध्ये घेऊन जा, दोन्ही टेस्टचे 'ब' संचही सोबत देतो.