चौकात आधी घुसला म्हणून हक्क मिळत नाही

«सिग्नल नाही, पाटी नाही, पोलीस नाही अशा चौकात नियम सोपा आहे. जो आधी चौकात घुसला त्याचा हक्क. दोघे एकदम आले तर मोठ्या गाडीला जाऊ द्यायचं. सरळ जाणारा वळणाऱ्यापेक्षा नेहमीच आधी. आणि हॉर्न देऊन, डिपर मारून निघालात तर धडक झाल्यावर चूक समोरच्याची. सगळ्यांना पाठवा.»

गेल्या महिन्यात हा मजकूर माझ्याकडे चार ठिकाणांहून आला. त्यातला एक शिकाऊ परवाना नुकताच मिळालेल्या मुलीने पाठवला होता. मी गाडी शिकवतो, आणि माझी विद्यार्थिनी हे खरं मानून उद्या एकटी रस्त्यावर उतरेल, या काळजीने हे लिहितो आहे.

आधी कायदा काय सांगतो ते पाहू. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११८ खाली १९८९ मध्ये रस्त्याचे नियम ठरले. त्यातला नववा नियम याच प्रसंगाचा आहे. वाहतुकीचं नियंत्रण नसलेल्या चौकात शिरताना, मुख्य रस्ता म्हणून ठरवलेला रस्ता असेल तर त्यावरून जाणाऱ्या वाहनांना आधी जाऊ द्यायचं; बाकी सगळ्या ठिकाणी आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्या वाहतुकीला. २०१७ मध्ये त्या नियमांच्या जागी नवे नियम आले, पण उजवीकडच्याला आधी जाऊ देण्याचं तत्त्व कायम राहिलं. गाडीचा आकार किंवा कोण आधी घुसलं, यावर हा हक्क ठरत नाही.

आता «आधी घुसला» या मुद्द्याकडे येतो. तो ऐकायला न्याय्य वाटतो, म्हणूनच सर्वांत घातक आहे. हे मी वर्गात फळ्यावर चौक काढून दाखवतो. तुम्हीही कागदावर काढा.

दोन रस्ते, प्रत्येकी सहा मीटर रुंद, वसाहतीतल्या गल्ल्या असतात तसे. तुम्ही कारमध्ये, खालून वर चालला आहात. तुमच्या उजवीकडच्या गल्लीतून एक स्कूटर येते आहे. आपण डावीकडून चालतो, त्यामुळे स्कूटरवाला त्याच्या डाव्या बाजूने येणार. कागदावर पाहा: त्याची डावी बाजू म्हणजे चौकाचा तुमच्या जवळचा अर्धा भाग. चौकाची कड ओलांडताच तुमचं बोनेट थेट त्याच्या वाटेत जातं. त्याला मात्र तुमच्या वाटेपर्यंत यायला आधी चौकाचा तीन मीटरचा अर्धा भाग ओलांडावा लागतो.

समजा दोघे अगदी एकाच क्षणी आपापल्या कडेला पोहोचले, दोघांचाही वेग ताशी १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण चार मीटर. दोघांच्या वाटा जिथे छेदतात तो बिंदू तुमच्या कडेपासून सुमारे दीड मीटरवर आहे, त्याच्या कडेपासून साडेचार मीटरवर. तुमचं बोनेट तिथे अर्ध्या सेकंदाच्या आत पोहोचतं. स्कूटर साधारण एका सेकंदाने पोहोचते. तोवर तुमची चार मीटर लांबीची गाडी तिच्या वाटेतून पूर्ण बाहेर पडलेली नसते. स्कूटरचं पुढचं चाक तुमच्या उजव्या बाजूवर आदळतं.

मग खाली उतरून कारवाला काय म्हणतो? «मी आधी आत होतो, याने येऊन ठोकलं.» दारावरचा पोचा तो दाखवतो. जमलेल्यांना ते पटतं. आणि तो खोटं बोलत नसतो, तो खरंच आधी आत होता! पण दोघेही सरळ आपापल्या बाजूने चालले असतील, तर ज्याने थांबायचं होतं तोच छेदबिंदूवर आधी पोहोचतो, हे या रचनेतच आहे. म्हणजे «जो आधी घुसला त्याचा हक्क» हा नियम मानला तर ज्याने वाट द्यायची तोच दरवेळी जिंकेल, आणि पोचा कुणाच्या दारावर आहे एवढ्यावरून दोष ठरवला तर दरवेळी उजवीकडचा दोषी ठरेल.

उजवीकडच्यालाच हक्क का, हेही त्याच कागदावर दिसतं. उजवीकडून येणाऱ्याशी तुमची गाठ चौकाच्या तोंडाशीच पडते. म्हणून त्याच्यासाठी थांबायचं ते चौकाबाहेर, आपल्या रस्त्यावर. तो गेला की तुम्ही आत शिरता. पुढच्या अर्ध्या भागात तुमची वाट डावीकडून येणाऱ्याशी छेदते, पण त्याच्यासाठी तुम्ही उजवीकडचे, म्हणून तो थांबतो. चौकाच्या मध्यात कुणालाच थांबावं लागत नाही. हक्क डावीकडच्याला दिला असता तर तुम्ही अर्धा चौक ओलांडून मधोमध थांबला असता आणि बाकीच्यांची वाट अडली असती. आपल्याकडे गोल चक्करमध्ये शिरताना उजवीकडून फिरत येणाऱ्याला आधी जाऊ देतात, त्यामागचं कारणही हेच.

परदेशात राहून आलेल्यांना हा मजकूर पटतो, याचं कारण मी समजू शकतो. ब्रिटनमध्येही गाड्या डावीकडून चालतात, पण तिथे खुणा नसलेल्या चौकात कुणालाच प्राधान्य नसतं. सगळ्यांनी जपून जायचं. अमेरिकेत चारही बाजूंना थांब्याची पाटी असलेल्या चौकात जो आधी थांबला तो आधी निघतो. तिथे शिकलेली सवय घेऊन इकडे आलात तर समोरचा दुसऱ्याच नियमाने चालला आहे हे लक्षात ठेवा.

मोठ्या गाडीच्या मुद्द्यात एक समंजस गोष्ट मिसळलेली आहे, ती वेगळी करायला हवी. एस.टी. किंवा भरलेला ट्रक थांबायला जास्त अंतर घेतो, आणि ट्रकच्या नाकासमोरचा दुचाकीवाला चालकाला दिसेलच असं नाही. त्यामुळे हक्क तुमचा असूनही तुम्ही त्याला जाऊ दिलंत तर शहाणपणच केलंत. पण सोडून दिलेला हक्क त्याचा होत नाही, आणि ट्रकवाल्याने तो गृहीत धरू नये. हक्क न पाहता वाट द्यायची ती रुग्णवाहिकेला आणि अग्निशमन दलाच्या गाडीला. उद्या हाच मजकूर वाचलेला टेम्पोवाला डावीकडून सायकलवरच्या मुलासमोर बेधडक आला, तर त्या मुलाने नियम पाळला होता हे सांगायला कोण येणार आहे?

सरळ जाणारा आणि वळणारा यांच्याबद्दलचं म्हणणं समोरासमोरच्या गाड्यांपुरतं ठीक आहे. तुम्ही उजवीकडे वळताय आणि समोरून एक सरळ येतोय, तर त्याला जाऊ द्या. पण आडव्या रस्त्यावरून उजव्या हाताला कुणी असेल, तर तुम्ही सरळ जाताय एवढ्याने तुम्हाला हक्क मिळत नाही.

मुख्य रस्त्याबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण उजव्या हाताचा नियम ऐकल्यावर पहिली शंका इथलीच येते. गल्लीतून हमरस्त्यावर निघताना उजवीकडे-डावीकडे हिशेब करत बसायचं नसतं; हमरस्त्यावरच्या दोन्ही बाजूंना जाऊ द्यायचं. गल्लीच्या तोंडाशी उलटा त्रिकोण किंवा अष्टकोनी थांबा पाटी असेल तर प्रश्नच मिटला. घोळ होतो तो एक रस्ता थोडा रुंद, दुसरा थोडा अरुंद आणि पाटी कुठेच नाही तिथे. नियमात शब्द आहे «मुख्य म्हणून ठरवलेला», नुसता रुंद नव्हे. म्हणून मी शिकवताना सांगतो: तुम्ही रुंद रस्त्यावर असाल तर उजवीकडच्याला हक्क आहे असं समजून चाला, आणि अरुंद रस्त्यावर असाल तर समोरचा स्वतःला मुख्य समजतो असं धरून चाला. दोन्हीकडून जरा जास्तच सावधपणा होतो, आणि तो परवडतो.

आता हॉर्न आणि डिपर. इथे माझा राग लपवता येत नाही. हॉर्नने फक्त «मी इथे आहे» एवढंच कळतं. डिपर तर त्याहून फसवा. आपल्या रस्त्यावर तो बहुतेक वेळा «मी येतोय, थांब» असा मारतात, काही लोक «जा तू» म्हणूनही मारतात. दोघांनी दोन अर्थ लावले की दोघेही निघतात. त्यातून चौकाच्या कोपऱ्यावर कंपाउंडची भिंत असेल तर डिपर दिसतच नाही. त्याच सहा मीटरच्या गल्लीत, कोपऱ्यापर्यंत भिंत असताना, चौकाच्या दहा मीटर अलीकडून उजव्या गल्लीतला जेमतेम अर्धा मीटर रस्ता नजरेत येतो. दोन मीटर अलीकडे आलात तरी तीन मीटर. उलट ताशी ३० किलोमीटरवर, भानावर येण्याचा एक सेकंद धरून, गाडी पूर्ण थांबायला साधारण १५ मीटर लागतात. ताशी २० वर सुद्धा आठ-नऊ मीटर. म्हणजे दिसेल तेव्हा थांबू म्हणणारा माणूस थांबू शकत नाही. अशा कोपऱ्यावर पहिल्या गिअरमध्ये, चालण्याच्या वेगाने, नाक हळूहळू पुढे काढणं एवढाच मार्ग आहे. हे उजवीकडून येणाऱ्यालाही तेवढंच लागू आहे: चौकाजवळ वेग कमी करायचा आणि धोका नाही हे कळल्याशिवाय आत शिरायचं नाही, हा १९८९ चा आठवा नियम सगळ्यांसाठी होता. हक्क आहे म्हणून ताशी ४० ने घुसणारा उजवीकडचा निर्दोष सुटत नाही.

«चूक समोरच्याची» हेही म्हणूनच खरं नाही. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण चुकीचा वाटा दोघांत विभागू शकतं. समजा जखमी स्कूटरवाल्याचं नुकसान दहा लाख ठरलं आणि त्याने वेग कमी केला नाही म्हणून ३० टक्के चूक त्याची धरली, तर त्याला सात लाख मिळतील. शिवाय रस्त्याचे हे नियम मोडल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीने कलम १७७अ आणलं, त्यात पाचशे ते हजार रुपये दंड आहे. हॉर्न वाजवला होता, याने तो टळत नाही.

चार गाड्या चारही बाजूंनी एकदम आल्या तर? प्रत्येकाच्या उजवीकडे कुणीतरी आहे, म्हणून प्रत्येकाने थांबायचं, आणि पहिला कोण हे नियमातून निघत नाही. तिथे एकाने पूर्ण थांबून हाताने दुसऱ्याला पुढे बोलवावं. तो गेला की त्याच्या जागी जी बाजू मोकळी झाली, ती ज्याच्या उजवीकडे आहे तो निघू शकतो, आणि मग बाकीचे ओळीने सुटतात. हात दाखवून मग स्वतःच निघू मात्र नका.

आणि धडक झालीच, कुणाला इजा नसेल, तर गाड्या हलवण्याआधी फोटो काढताना फक्त पोच्याचा काढू नका. दहा पावलं मागे जाऊन चौकाच्या दोन्ही कडा, कोपऱ्यावरची भिंत आणि दोन्ही गाड्यांची तोंडं एका फोटोत येतील असा काढा. कोण कुणाच्या उजवीकडे होतं हे त्यातच दिसतं.