छतावरच्या डिटेक्टरमधलं अमेरिशियम

«स्मोक डिटेक्टरमध्ये अणुभट्टीत तयार झालेलं किरणोत्सारी अमेरिशियम असतं. ते चोवीस तास घरात किरण सोडतं आणि कॅन्सर होतो. आजच काढून टाका.»

यातलं पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. अमेरिशियम-२४१ फक्त आयनीभवन प्रकारच्या डिटेक्टरमध्ये असतं. प्रकाशकिरणावर चालणाऱ्यांत ते नसतंच. आणि असतं ते साधारण ०.३ मायक्रोग्रॅम, ऑक्साइडच्या रूपात, सोन्याच्या पातळ पत्र्यात बसवलेलं.

ते तिथे का, हे कळलं की भीतीचा मोठा भाग आपोआप गळतो. डिटेक्टरच्या छोट्या कप्प्यात दोन पट्ट्यांमधून सतत अगदी क्षीण वीजप्रवाह वाहायला हवा, आणि त्यासाठी हवेत आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, लागतात. ते तयार करतो अमेरिशियममधून निघणारा अल्फा कण. हा कण जड आणि दुहेरी भाराचा. तो हवेत जेमतेम चार सेंटिमीटर जातो, पण तेवढ्यात दीडेक लाख आयनजोड्या करून थांबतो. धुराचे कण आत आले की आयन त्यांना चिकटतात, प्रवाह घटतो आणि भोंगा वाजतो. दुसऱ्या काही किरणोत्सारी पदार्थांतून निघणारा हलका बीटा कण हेच काम तुरळक करत कप्प्याबाहेर निघून गेला असता, म्हणजे पदार्थ कितीतरी जास्त घालावा लागला असता. घरासाठी अल्फा निवडला तो त्याच्या याच आखूड धावेमुळे. शिवाय अमेरिशियमचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षं, त्यामुळे यंत्र जुनं झालं तरी प्रवाह स्थिर राहतो.

आता «चोवीस तास किरण». अल्फा कण कप्प्याच्या भिंतीतच संपतात. साधा कागदही त्यांना पुरतो. बाहेर पडतात ते सौम्य गॅमा किरण, तेव्हा त्यांचाच हिशेब करू. अशा स्रोतात सेकंदाला सुमारे ३७,००० अणू विघटित होतात आणि त्यांतून गॅमा किरण निघतात साधारण १३,०००. ते चहूकडे पसरतात. दोन मीटरवर झोपलेल्या माणसाच्या वाट्याला फार तर दोनेकशे येतात, प्रत्येकी साठ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे. त्याच माणसाच्या शरीरातल्या नैसर्गिक पोटॅशियमचे सेकंदाला चार हजारांहून जास्त अणू विघटित होत असतात आणि त्यांतला प्रत्येक कितीतरी जास्त ऊर्जा सोडतो. एकूण ऊर्जा पाहिली तर डिटेक्टरचा वाटा त्याच्या एक टक्क्याच्याही आत राहतो.

धोका आहे तो वेगळ्या ठिकाणी, आणि तो मी लपवणार नाही. अमेरिशियमची भुकटी श्वासातून आत गेली, तर अल्फा कणांना अडवायला मध्ये काहीच उरत नाही. आतल्या पेशींना ते खरोखर घातक ठरतात. म्हणून कप्पा उघडू नये, पत्रा खरवडू नये, डिटेक्टर जाळू नये. «काढून टाका» वाचून उत्साहाने यंत्र खोलणारा माणूस स्वतःहून या धोक्याजवळ जातो. बदलायचंच असेल, तर न फोडता, त्यावरच्या सूचनेप्रमाणे परत करा. आणि बदलायला एक चांगलं कारणही आहे: भडकत्या आगीचा बारीक धूर आयनीभवन प्रकारचा डिटेक्टर चटकन पकडतो, पण गादी नुसती धुमसत असेल, तर प्रकाशकिरणावर चालणारा बहुधा आधी वाजतो. नवा लावेपर्यंत मात्र जुना छतावर राहू द्या.