खुलासा : लांब पाइपसाठी जादा गॅस किती?

“पाइप ३ मीटरपेक्षा लांब असेल तर पुढच्या प्रत्येक मीटरला ५० ग्रॅम गॅस टाका, सगळ्या स्प्लिट एसींना चालतं.”

असा एक मेसेज फिरतोय. हे चुकीचं आहे. कारखान्यातला गॅस किती मीटरपर्यंत पुरतो आणि पुढे मीटरमागे किती ग्रॅम, हे मॉडेलप्रमाणे बदलतं आणि इन्स्टॉलेशन मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. मीटरमागचे ग्रॅम मुख्यतः बारीक, लिक्विडच्या पाइपवरून ठरतात, कारण वजन तिथे भरलेल्या द्रवाचं असतं. पाव इंची पाइपच्या एका मीटरमध्ये साधारण १८ मिलिलीटर द्रव मावतो. गॅस आर-३२ असेल तर तो १६ ग्रॅमच्या आसपास. मग ५० आले कुठून?

समजा, मॅन्युअलमध्ये ७.५ मीटर आणि पुढे मीटरला २० ग्रॅम आहे. पाइप एका बाजूने १२ मीटर. जाड-बारीक दोन्हींची बेरीज करायची नाही. जादा ४.५ मीटर, म्हणजे ९० ग्रॅम. मेसेजप्रमाणे ४५० होतात! एवढ्या जास्त गॅसने हेड प्रेशर चढतं, करंट वाढतो, कॉम्प्रेसरवर ताण येतो.

व्हॅक्यूमनंतर हे ९० ग्रॅम वजनकाट्यावरच मोजून भरा. इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलत राहतो, त्यामुळे नुसत्या गेजवरून अंदाज लागत नाही.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका.