दहा तुकडे आले म्हणणाऱ्या दादांना उत्तर

प्रतिक्रिया: "सर, केकचा लेख वाचला. 1, 2, 4 च्या पुढं 8 यायला पाहिजे, तुम्ही 7 लिहिलंय. तिसरा कट आडवा मारला की 8 होतात हे लहान पोराला पण कळतं. आणि 4 कटात 11 म्हणे! काल राजारामपुरीतनं केक आणून कापला, दोनदा मोजलं, 10 च आले. न करता लिहू नका."

दादा, लेखातला प्रश्न होता की केकला सरळ कट मारत गेलं तर जास्तीत जास्त किती तुकडे होतात, आणि मी लिहिलं होतं, कट नसताना 1, मग एकेका कटागणिक 2, 4, 7, 11. तर पहिली गोष्ट म्हणजे तुमचं 8 बरोबर आहे, आणि चूक माझीच, कारण सगळे कट वरनं सरळ खाली मारायचे हे मी लेखात लिहायलाच विसरलो. माझ्या डोक्यात केक म्हणजे वरनं दिसणारा गोल, भाकरीसारखा, तुमच्या डोक्यात तो उंचीचा, जाडीचा. दोन्ही चालतंय, पण दोन्हीचे आकडे वेगळे. तुमच्या आडव्या कटाकडं शेवटी येतो, आधी ते 10 बघू, कारण त्यातच खरी गंमत आहे.

सुरी केकमध्ये घातली आणि या काठापासनं त्या काठापर्यंत ओढत नेली, की ती वाटेत एकेका तुकड्यातनं जाते. जुना कट आडवा आला की एक तुकडा दोन होऊन संपला आणि पुढचा सुरू झाला, आणि शेवटी समोरचा काठ आला की आणखी एक संपला. म्हणजे नव्या कटाने किती तुकडे वाढले? जितके जुने कट वाटेत ओलांडले तितके, अधिक 1. बास, एवढंच आहे सगळं. तिसरा कट जास्तीत जास्त दोनच जुने कट ओलांडू शकतो, सरळ रेष दुसऱ्या सरळ रेषेला दोनदा कशी छेदणार? त्यामुळं वाढतात 3, आणि 4 चे होतात 7. 8 व्हायचे तर चारही तुकड्यातनं सुरी जायला लागेल आणि ते वाकडी केल्याशिवाय होत नाही. चौथा कट वाढवतो 4, म्हणून 11, पाचवा 5, म्हणून 16. दुप्पट होत नाही, वाढच एकेकानं वाढत जाते.

आता सगळं एकत्र धरलं तर हिशोब असा येतो: तुकडे म्हणजे 1, अधिक कट किती, अधिक कट एकमेकांना केकच्या आत किती ठिकाणी छेदतात ते. चार कटांच्या जोड्या होतात 6, प्रत्येक जोडी आत छेदली तर 1 + 4 + 6 = 11. कट n असले तर

```
1 + n + n(n-1)/2
```

तुमचे 10 आले याचा अर्थ तुमच्या केकमध्ये छेद 5 च झाले, एक कुठंतरी हरवला. आणि तो हरवायच्या दोनच वाटा आहेत. एक तर दोन कट साधारण समांतर गेले आणि त्यांचा छेद केकच्या बाहेर, पुठ्ठ्यावर किंवा टेबलावर कुठंतरी पडला (तिथं केक नाही म्हणून तुकडाही नाही), नाहीतर तीन कट एकाच ठिकाणातनं गेले. तिघं एका ठिकाणी आले की तीन छेदांच्या जागी हिशोबात दोनच धरायचे, कारण तिसरी सुरी दोन्ही जुने कट एकाच झटक्यात ओलांडते. बेकरीवाले मधोमध चार कट मारून देतात तेव्हा 8 च होतात ते याचमुळं: चारही रेषा एकाच ठिकाणी, त्याचे हिशोबात 3, आणि 1 + 4 + 3 = 8. ते बरोबरच करतात बरं का, कारण त्यांना सारखे तुकडे पाहिजेत. आपल्याला पाहिजेत जास्त. दोन्ही एकदम मिळत नाहीत.

केक संपला असणार, पण फोटो असला तर एक बघा. बाजूचं क्रीम ज्याला अजिबात लागलेलं नाही, चारी बाजूनं दुसऱ्या तुकड्यांनी घेरलाय, असे मधले तुकडे किती? काठाला लागून 8 तुकडे तुमचेही असतील आणि माझेही, चार कटांची आठ टोकं काठावर येतात म्हणून. फरक मधल्यात. 11 वाल्यात मधले 3 असतात, तुमच्यात 2 च सापडतील.

मी स्वतः भाचीच्या वाढदिवसाला अर्ध्या किलोच्या पायनॅपलवर केलं होतं तेव्हा पहिल्यांदा माझेही 10 च आले होते, म्हणून एवढं ठामपणे सांगतोय. चुकलं काय, तर पहिले तीन कट मी लांबलांब मारले, मध्ये मोठा ऐसपैस त्रिकोण झाला, छेद काठाच्या जवळ गेले, आणि चौथी सुरी तिसऱ्या कटाला गाठायच्या आधीच केकच्या बाहेर. म्हणून सगळे कट मध्याच्या जवळनं घ्या पण एकाच ठिकाणातनं नको, आणि प्रत्येकाची दिशा चांगली वेगळी ठेवा. पहिल्या तिघांचा मधला त्रिकोण साधारण बिस्किटाएवढा ठेवा. फार बारीक केला तर सुरीला चिकटूनच वर येतो, क्रीमसकट, आणि मग तो तुकडा मोजायचा की चाटायचा हा वाद. आमच्याकडं झाला तो वाद.

आता तुमचा आडवा कट. सुरी कशीही, तिरकी-आडवी चालेल असं धरलं तर आकडे येतात 1, 2, 4, 8, आणि पुढं तुम्हाला वाटत असेल 16, पण येतात 15. का ते बघा, कारण हे मला सगळ्यात आवडतं. चौथी सुरी केकमधनं जाताना मागं जो सपाट पृष्ठभाग सोडते, त्यावर आधीच्या तीन कटांच्या तीन रेषा उमटलेल्या असतात. म्हणजे तो पृष्ठभाग स्वतःच तीन कट मारलेला सपाट केक! त्याचे भाग जास्तीत जास्त 7, प्रत्येक भाग एका तुकड्याचे दोन करतो, म्हणून 8 + 7 = 15. तुम्ही ज्या 7 वर भांडलात तोच 7 तुमच्या 8 च्या पुढं उभा आहे. पाचव्या कटाला याच न्यायानं 15 + 11 = 26.

हे काय मी शोधलेलं नाही, याकोब श्टाइनर नावाच्या स्विस गणितज्ञानं 1826 साली रेषांनी सपाट जागेचे आणि प्रतलांनी अवकाशाचे किती भाग पडतात हे छापलंय.

फक्त 15 करून बघायचे असतील तर केक वाया घालवू नका, मोठा बटाटा घ्या आणि प्रत्येक कटानंतर तो मुठीत घट्ट धरून ठेवा, सुटला की संपलं. पंधरावा तुकडा असतो अगदी पोटात, चार सपाट बाजूंचा, ज्याला साल कुठंच नाही. चारही कट एकाच बिंदूतनं गेले तर तो होतच नाही आणि 14 वरच गाडी थांबते. तुमची प्रतिक्रिया आल्यावर रात्री मी दोन बटाटे कापले. दोन्ही वेळा 14. बायकोनं रस्सा केला.