१५० मिमीच्या आरशाबद्दल: दोन ताऱ्यांच्या अभिप्रायाला दुकानाचं उत्तर

ग्राहकाचा अभिप्राय (★★): “दुकानात सांगितलं, ‘दीडशे मिमी म्हणजे दीडशे मिमी, आरसा काय नि भिंग काय, प्रकाश तेवढाच.’ म्हणून १५० मिमी, ७५० फोकल लेंग्थची आरशाची दुर्बीण घेतली. भोरजवळ मित्राच्या १५० मिमी, १२०० फोकल लेंग्थच्या भिंगाच्या दुर्बिणीशेजारी लावली. मृगातला तेजोमेघ त्याच्यात दुप्पट-तिप्पट उजळ! मी पेटीतली १० ची आयपीस लावली होती, त्याची २५ ची होती. आरसा पॅराबोलिक नाही, साधा गोल असणार. फसवणूक.”

नमस्कार. आधी आमची चूक. “प्रकाश तेवढाच” हे वाक्य आमच्याच काउंटरवरचं आहे आणि ते चुकीचं आहे. सारख्या व्यासाच्या आरशाला भिंगापेक्षा प्रकाश कमीच मिळतो. मात्र दुप्पट-तिप्पट कमी नाही. तुम्ही जे पाहिलंत ते खरं आहे, पण त्याचा मोठा भाग आरशामुळे नाही, आयपीसमुळे आहे.

आरशाचा हिशोब असा. तुमच्या नळीत पुढच्या बाजूला तिरका छोटा आरसा आहे, त्याची सावली मुख्य आरशावर पडते. सावलीचा व्यास ५० मिमी. व्यास एक तृतीयांश, म्हणजे क्षेत्रफळ एक नवमांश. तिथेच ११ टक्के गेले, उरले ८९. मग प्रकाश मुख्य आरशावर आपटतो. साध्या ॲल्युमिनियमच्या मुलाम्यावरून सुमारे ८८ टक्के परत येतो, म्हणजे ७८ उरले. तिरक्या आरशावर पुन्हा तीच कापणी, आणि डोळ्याकडे पोचतात ते शंभरातले ६९.

मित्राच्या भिंगाला मध्ये सावली नाही. मुलामा दिलेल्या भिंगांच्या चार पृष्ठभागांवर आणि काचेत मिळून पाच-सहा टक्के जातात. पण मान न मोडता बघायचं म्हणून मागे जो काटकोनी आरसा लावतात, तो आणखी दहाएक टक्के खातो. (तो काढून बघितलं तर भिंग आणखी पुढे जाईल, हेही सांगून टाकतो.) त्याच्याकडे ८५ धरा. ८५ विरुद्ध ६९, म्हणजे साधारण सव्वापट. ताऱ्यांची तेजस्विता ज्या प्रतींत मोजतात त्या भाषेत पाव प्रतीपेक्षा किंचित कमी. दुसऱ्या शब्दांत, प्रकाशापुरती तुमची १५० ची दुर्बीण १३५ मिमीच्या भिंगाच्या दुर्बिणीइतकी. काउंटरवर हेच सांगायला हवं होतं; आता तसं लिहून लावलं आहे.

ही तक्रार जुनी आहे. लंडनमध्ये १७२१ साली जॉन हॅडलीने सहा इंची धातूच्या आरशाची दुर्बीण दाखवली. आरशाला परवलयाचा, म्हणजे तुम्ही म्हणता तो पॅराबोलिक, आकार नीट देणारा तो पहिला यशस्वी माणूस. पाउंड आणि ब्रॅडली या खगोलशास्त्रज्ञांनी ती हायगेन्सच्या १२३ फुटी भिंगाच्या दुर्बिणीशी ताडून पाहिली. निष्कर्ष असा की आकृती तितकीच स्पष्ट दिसते, पण तितकी उजळ नाही. हायगेन्सचं भिंग व्यासानेही थोडं मोठं होतं, आणि हॅडलीच्या धातूवर डाग होते. तेव्हाच्या धातूपेक्षा आजचं ॲल्युमिनियम पुष्कळ बरं, पण तक्रारीची दिशा तीच.

आता उरलेला फरक. तेजोमेघ हा ठिपका नाही, पसरलेली वस्तू आहे. वाढव, म्हणजे चित्र किती पट मोठं दिसतं ते, जितका जास्त, तितका तोच प्रकाश मोठ्या चित्रावर पसरतो आणि चित्र फिकं पडतं. तुमच्याकडे ७५० भागिले १०, म्हणजे ७५ पट. मित्राकडे १२०० भागिले २५, म्हणजे ४८ पट. आयपीसमधून बाहेर पडणारा प्रकाशाचा गोल मोजायचा तर व्यासाला वाढवाने भागा: तुमचा २ मिमी, त्याचा ३.१ मिमी. चित्राचा उजळपणा या गोलाच्या क्षेत्रफळावर ठरतो, म्हणून त्याचं चित्र २.४ पट उजळ. त्याला वरचा सव्वापट गुणा, म्हणजे तिप्पट. तुमची नजर चुकली नव्हती.

ताडून बघायचं असेल तर १६ मिमीची आयपीस लावा. ४७ पट, गोल ३.२ मिमी. तेजोमेघ त्याच्या चित्राच्या जवळ येईल. उरेल तो सुमारे सव्वापटीचा खरा फरक. ताऱ्यांवर मात्र वाढवाचा असा परिणाम जवळजवळ होत नाही, कारण तारा ठिपकाच राहतो. त्या रात्री दोन्हींतून तेजोमेघातली चार ताऱ्यांची चौकडी पाहिली असतीत, तर फरक बराच कमी वाटला असता.

“साधा गोल” आरशाबद्दल. आरशाचा आकार प्रकाश वाढवत नाही, घटवतही नाही. प्रकाश क्षेत्रफळावर आणि मुलाम्यावर ठरतो. आकाराने ठरतं ते हे, की गोळा झालेला प्रकाश एका बिंदूत बसतो की पसरतो. तुमच्या आरशाच्या मापात गोल आणि परवलय यांत काठाजवळ फरक आहे जेमतेम १.२ मायक्रॉन. तरी तेवढ्याने सगळं बिघडतं. गोल आरसा असता तर उत्तम फोकसलाही सुमारे एका तरंगलांबीची चूक राहिली असती, आणि चालण्याजोगी मर्यादा पाव तरंगलांबी मानतात. गुरूचे पट्टे ७५ पटीला धुरकट दिसले असते, तारे कुठेच टोकदार झाले नसते. ११४ मिमी, ९०० फोकलच्या छोट्या दुर्बिणीत गोल आरसा खपून जातो, कारण तिथे चूक पाव तरंगलांबीच्या आतच राहते. तुमच्या एफ/५ मध्ये, म्हणजे फोकल लेंग्थ व्यासाच्या पाचपटच असताना, खपत नाही.

हे घरी तपासता येतं. दुर्बीण तासभर बाहेर ठेवून थंड होऊ द्या, आरसे नीट जुळवा, एखादा बऱ्यापैकी ठळक तारा मधोमध घ्या आणि १० मिमीची आयपीस लावा. फोकस थोडा आत, मग तितकाच बाहेर न्या. दोन्हीकडे मध्ये काळं भोक आणि भोवती सारखीच कडी दिसली, तर आरसा परवलयाचा आहे. एका बाजूला बाहेरचं कडं ठळक आणि दुसऱ्या बाजूला तेच कडं पुसट, मध्ये प्रकाश दाटलेला, असं असेल तर तुमची शंका खरी. कडी एका कुशीवर कललेली दिसली तर दोष जुळवणीचा, आरशाचा नव्हे.

मला स्वतःला दुकानातली सुरी-चाचणी जास्त विश्वासाची वाटते. आरशापासून दीड मीटरवर दिवा आणि पातं ठेवतो. गोल आरसा एकसारखा राखाडी, सपाट दिसतो. परवलयाचा आरसा मेदूवड्यासारखा, मध्ये खोलगट. दिवा आणि पातं एकत्र सरकवले तर मध्याचा आणि काठाचा फोकस १.९ मिमी अंतरावर यायला हवेत. येत्या कुठल्याही शनिवारी नळी घेऊन या, तुमच्यासमोर मोजतो. आरसा गोल निघाला तर पूर्ण पैसे परत. नाही निघाला तरी १६ मिमीची आयपीस आमच्याकडून, कारण ती पेटीत असायलाच हवी होती.